नऊ टक्के नेमके कुठे असतात

आमच्या शाखेत मुदत ठेव मोडायला आलेल्या माणसाला कारण विचारायचे असते, आणि बहुतेक वेळा ते लग्न, दवाखाना किंवा घराचे काम एवढ्यातच आटोपते. त्या दिवशी आलेल्या काकांनी कारण म्हणून खिशातून एक पत्रक काढून माझ्यापुढे ठेवले. ते दुसऱ्या एका बँकेचे होते. त्यावर ठळक अक्षरांत ‘ज्येष्ठ नागरिकांसाठी वार्षिक यील्ड ९%’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘५ वर्षे, व्याजदर ७.५%, तिमाही चक्रवाढ’ असे छापले होते. काका एसटीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. पत्रकाच्या मागे त्यांनी पेन्सिलीने ७२ भागिले ९ बरोबर ८ असे मांडले होते. ७२ ला व्याजदराने भागले की रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षे येतात, हा बहात्तरचा नियम त्यांना नोकरीत असल्यापासून तोंडपाठ होता. ठेव मोडून सव्वाचार लाख हातात येतील, ते तिकडे ठेवले की आठ वर्षांत दुप्पट, म्हणजे साडेआठ लाख होतील, आणि तेवढ्यात नातवाचे इंजिनीअरिंग निघेल, असा त्यांचा बेत होता.

ठेव मोडण्याचा अर्ज पुढे सरकवून मोकळे होणे सोपे होते. आमच्या व्यवस्थापकांनी खुणेने ‘ठेव जाऊ देऊ नका’ असे सुचवले, पण ते कसे, हे सुचवण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. ठेवींचे उद्दिष्ट ज्यांच्या डोक्यावर असते त्यांना आकडा टिकवायचा असतो. तो आकडा ग्राहकाला समजावून सांगायचे काम मात्र काउंटरवरच्या माणसाकडे येते.

मी कागद घेतला आणि १०० रुपयांपासून सुरुवात केली. ७.५ टक्के हा वर्षाचा सांगितलेला दर, पण व्याज दर तीन महिन्यांनी मुद्दलात मिळवायचे, म्हणून प्रत्येक तिमाहीला त्याचा चौथा हिस्सा, १.८७५ टक्के, लागतो. पहिल्या तिमाहीअखेर १०१.८८, दुसरीअखेर १०३.७९, तिसरीअखेर १०५.७३ आणि वर्षअखेर १०७.७१. व्याजावर व्याज मिळाल्याने ७.५ चे ७.७१ झाले, आणि हाच प्रभावी वार्षिक दर. दोन ठेवींची तुलना करायची तर दोन्हींचा हा दर काढावा लागतो, कारण एकीकडे चक्रवाढ तिमाही आणि दुसरीकडे वार्षिक असेल तर सांगितलेले दर शेजारी ठेवून काहीच कळत नाही. पोस्टाचे राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र ७.७ टक्के देते, पण वार्षिक चक्रवाढीने. पाच वर्षांत तिथे १०,००० चे १४,४९० होतात, आणि ७.५ टक्के तिमाहीने १४,४९९. कागदावर ०.२ टक्क्याचा फरक, हातात नऊ रुपयांचा, आणि तोही उलट्या बाजूला.

“मग हे नऊ कुठून आले?” काकांनी विचारले.

तेही कागदावरच दाखवले. पाच वर्षांनी १०० चे १४४.९९ होतात, म्हणजे एकूण व्याज ४५ रुपये. त्याला सरळ पाचाने भागले की ९ येतात. भागाकार चुकलेला नाही आणि पत्रकातला एकही आकडा खोटा नाही. फक्त पाच वर्षांच्या चक्रवाढीचे सगळे फळ गोळा करून ते सरळव्याजासारखे वर्षांवर वाटले आहे. हीच ठेव दहा वर्षे ठेवली तर १०० चे २१०.२३ होतील, आणि याच रीतीने यील्ड ११ टक्के निघेल. दर तोच, बँक तीच, केवळ मुदत लांबवल्याने वाढणारा हा आकडा दर म्हणून वापरता येत नाही. तरीही आमच्याच शाखेतल्या एका तरुण अधिकाऱ्याने मागून सांगितले की यील्ड म्हणजेच खरा दर, ट्रेनिंगमध्ये तसे शिकवले आहे. शिकवले असेलही, पण १०० रुपयांवर चार ओळी मांडून पाहण्याची सवय ट्रेनिंगमध्ये लागत नाही, हे मी वरचेवर पाहते.

काकांना माझे गणित पटत होते, पण बहात्तरच्या नियमावरचा त्यांचा विश्वास ढळत नव्हता, आणि तो ढळायचे कारणही नव्हते. नियम बरोबरच आहे. त्यात घातलेला ९ चुकीचा होता. हा नियम वर्षातून एकदा चक्रवाढ होते असे धरतो आणि ८ टक्क्यांच्या आसपास तो फार नेमका बसतो. म्हणून त्यात प्रभावी वार्षिक दर घालावा: ७२ भागिले ७.७१ म्हणजे ९.३४ वर्षे. लॉगॅरिदम वापरून काढले तर ९.३३ येतात. सांगितलेला ७.५ घातला तर ९.६ वर्षे येतात, म्हणजे तीन महिने जास्त. तिमाही चक्रवाढीत सांगितलाच दर वापरायचा असेल तर ७२ ऐवजी ७० घ्यावेत.

मी विचारले, “काका, किसान विकास पत्र आहे का तुमच्याकडे?” होते. सध्या त्याचा दर ७.५ टक्के, चक्रवाढ वार्षिक, आणि रक्कम दुप्पट होण्याची मुदत ११५ महिने, म्हणजे नऊ वर्षे सात महिने. ७२ भागिले ७.५ म्हणजे ९.६ वर्षे, म्हणजेच ११५ महिने. तोच ७.५ टक्के दर तिमाही चक्रवाढीने दिला तर मुदत तीन महिन्यांनी कमी होईल, दीड वर्षाने कशी होईल? यावर ते बराच वेळ पेन्सिल फिरवत राहिले आणि मग त्यांनी स्वतःच आठ वर्षांचा आकडा काढला: सव्वाचार लाखांचे सुमारे ७ लाख ७० हजार. त्यांच्या बेतात ८० हजारांची तूट होती.

मोडण्याचा हिशेब त्यानंतर सोपा झाला. आमच्याकडे त्यांची ४ लाखांची ठेव पाच वर्षांसाठी ७.२५ टक्क्यांनी होती, तिला वर्ष नुकतेच पूर्ण झाले होते. मोडली तर पाच वर्षांचा दर मिळत नाही. ठेव जेवढी राहिली त्या मुदतीचा, ठेवतेवेळचा दर मिळतो आणि त्यातून एक टक्का दंड जातो. त्यांच्या बाबतीत तो ५.८ टक्के येत होता, म्हणजे एका वर्षातच सहा हजारांचे नुकसान. तिकडच्या जादा दराने उरलेल्या चार वर्षांतही ते भरून निघत नव्हते. अडीच हजार कमीच पडत होते. फॉर्म १५एच दिलेला असल्याने करकपातीचा घोळ मध्ये नव्हता, नाही तर हा हिशेब आणखी बदलला असता.

काकांनी अर्ज परत घेतला. मग त्यांनी दाराशेजारच्या आमच्या दरफलकाकडे बोट केले. त्यावर पाच वर्षांपुढे ७.२५ आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात ‘यील्ड ८.६५’ असे होते. “मॅडम, मागच्या वर्षी मी इथे पैसे ठेवले तेव्हा ७२ ला ८.६५ नेच भागले होते,” ते म्हणाले. “तेव्हा कुणी कागद घेतला नाही.”

तो रकाना काढावा, किंवा त्याजागी ७.४५ हा प्रभावी दर लिहावा, असे मी मुख्य कार्यालयाला लेखी कळवले. फलकाचा नमुना सर्व शाखांसाठी एकच असून तो शाखा पातळीवर बदलता येणार नाही, असे उत्तर आले. आता पाच वर्षांची ठेव ठेवायला कोणी आले की पावतीबरोबर मी हाताने लिहिलेली एक चिठ्ठी देते: प्रभावी दर ७.४५, दुप्पट व्हायला सुमारे नऊ वर्षे आठ महिने. व्यवस्थापकांना ती पसंत नाही, कारण चिठ्ठी वाचून दोघांनी पोस्टाचा रस्ता धरला.