पौंडातला रंधा मिरजेत कितीला पडला

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. सतारीची तबली घासून पातळ करायला अण्णांना एक छोटा, एका हाताने धरता येईल असा चांगल्या पोलादाचा रंधा हवा होता. इंग्लंडच्या एका दुकानाच्या साइटवर तो मला दिसला. किंमत 180 पौंड. मोबाइलवर गुणाकार केला: 106 च्या भावाने 19,080 रुपये. वर थोडा टपालखर्च, म्हणजे एकवीसेक हजार, असं मी अण्णांना सांगून मोकळा होणार होतो. पण आधीच्या वर्षी पटाश्यांच्या सेटवर हात पोळलेला होता.

त्या वेळी मी दोन चुका केल्या होत्या. साइटवर ‘रुपयांत पैसे भरा’ असा पर्याय होता. आपली ओळखीची खूण दिसली म्हणून तोच दाबला. त्यात त्यांनी आपलाच भाव लावला, बाजारभावापेक्षा चांगलाच चढा. शिवाय दुकान परदेशातलं म्हणून बँकेने वेगळं शुल्क कापलंच. दुसरी चूक म्हणजे, सामान दुकानाच्या कामासाठी असूनही आयातीचा आयईसी नंबर काढला नव्हता. कस्टममध्ये ते वैयक्तिक वापराच्या 9804 या शीर्षाखाली गेलं. तिथला दर तेव्हा हत्यारांच्या दरापेक्षा जास्त होता. कुरिअरवाला दारात पैशासाठी उभा, आणि माझ्याकडे त्या आकड्याचा काही पत्ता नाही.

म्हणून या खेपेला 2024 च्या मे महिन्यात आधी आयईसी काढला. आयात-निर्यात बघणाऱ्या सरकारी डीजीएफटीच्या साइटवर पॅनवरून अर्ज होतो, फी 500 रुपये. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये माहिती एकदा अपडेट करावी लागते, एवढं लक्षात ठेवायचं.

मग जूनमध्ये वही घेऊन बसलो. पहिली गोष्ट कळली ती सुखाची होती. इंग्लंडच्या साइटवर दिसणाऱ्या किमतीत तिथला 20 टक्के व्हॅट मिळवलेला असतो. पार्सल देशाबाहेर जाणार असेल तर दुकानदार तो काढू शकतो. पत्त्यात भारत टाकल्यावर 180 चे 150 पौंड झाले. (180 चे 20 टक्के काढून 144 येतील असं मला आधी वाटलं होतं. तसं नाही, 180 ला 1.2 ने भागायचं.) सगळीच दुकानं हे करत नाहीत, म्हणून पत्ता टाकल्याशिवाय किमतीवर विश्वास ठेवायचा नाही. कुरिअरचे 40 पौंड. एकूण 190.

कार्डावर पौंडातच पैसे भरले. 190 गुणिले 106 म्हणजे 20,140. माझी बँक परकीय चलनावर 3.5 टक्के मार्कअप घेते आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी, मिळून 4.13 टक्के. स्टेटमेंटवर 20,972 आले. इथपर्यंत गणित सरळ.

खरी गंमत ड्युटीची. मला वाटायचं, वस्तूच्या किमतीवर ड्युटी लागते. तसं नाही. कस्टम वस्तू, भाडं आणि विमा यांची बेरीज धरतं. विमा वेगळा दाखवलेला नसेल तर वस्तूच्या किमतीच्या 1.125 टक्के धरतात. विमानाने आलेल्या मालाचं भाडं मात्र वस्तूच्या किमतीच्या 20 टक्क्यांपर्यंतच मोजतात. माझं भाडं 40 पौंड होतं, पण 150 चे 20 टक्के 30, म्हणून हिशोबात 30 च आले. छोट्या, महागड्या कुरिअरच्या पार्सलला हा नियम फार उपयोगाचा आहे, कारण अशा पार्सलचं भाडं सहज त्या मर्यादेच्या वर जातं.

लाकूडकामाचा रंधा 8205 30 या शीर्षाखाली येतो. मूळ ड्युटी 10 टक्के. त्या ड्युटीवर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी 1 टक्का. या सगळ्यावर मिळून आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, 18 टक्के. करावर कर लागत असल्यामुळे 10 अधिक 1 अधिक 18, म्हणजे 29, असं होत नाही. 1.11 गुणिले 1.18 करून 1.3098 येतात, म्हणजे 30.98 टक्के. एक्सेलमध्ये मी असं लिहिलं, B1 मध्ये वस्तूचे पौंड, B2 मध्ये भाव, B3 मध्ये भाडं:

```
=B1*B2*(1+MIN(0.2,B3/B1)+0.01125)*0.3098
```

भाव 106 धरून उत्तर आलं 5,966.

आठवड्याभराने कुरिअर कंपनीचा पैसे भरायचा मेसेज आला, त्यात ड्युटी 6,079. 113 रुपये जास्त. रक्कम फार नव्हती, पण जुन्या अनुभवामुळे डोक्यात किडा वळवळला. बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टमच्या आयात-कागदाची, प्रत मागवली आणि ओळ न् ओळ वाचली. शीर्ष बरोबर होतं, दर बरोबर होते, भाडंही 30 पौंडच धरलेलं होतं. भावाच्या रकान्यात मात्र 108 होतं.

कस्टम गुगलचा भाव घेत नाही. सीबीआयसी, म्हणजे कस्टमचं केंद्रीय मंडळ, आपला वेगळा भाव जाहीर करतं, आयातीचा वेगळा आणि निर्यातीचा वेगळा. आयातीचा नेहमी वरचा. बाजारात भाव रोज हलतो, हा मात्र पुढचा जाहीर होईपर्यंत तोच राहतो. सूत्रात 106 च्या जागी 108 टाकले आणि 6,079 बरोबर आले. आता एक्सेलमध्ये भावाचे दोन रकाने आहेत, एक कार्डाचा, एक कस्टमचा.

मेसेजमध्ये आणखी एक आकडा होता. आमच्या वतीने ड्युटी भरल्याबद्दल कुरिअरचे 600 आणि त्यावर जीएसटी, मिळून 708. हे साइटवर कुठेच दिसत नाही. पार्सल मोठं असो की छोटं, माझ्या कुरिअर कंपनीचा किमान आकार तेवढाच होता. म्हणून स्वस्त वस्तू एकटी मागवली तर हाच आकडा सगळ्यात जास्त टोचतो.

20,972, 6,079 आणि 708. रंधा पडला 27,759 ला. व्हॅट काढलेल्या किमतीचे रुपये केले तर 15,900 होतात, म्हणजे जवळपास पावणेदोन पट. आमच्या वर्कशॉपला जीएसटी नोंदणी नाही. असती तर आयजीएसटीचे 3,921 क्रेडिट म्हणून परत घेता आले असते, फक्त बिल ऑफ एंट्रीवर आपला जीएसटी नंबर आधीच पडलेला हवा.

अण्णांनी रंधा हातात घेऊन पातं अंगठ्यावर घासून बघितलं आणि विचारलं, “कितीला पडला रे?” मी आकडा सांगितला. त्यांनी तो तसाच उचलून पेटीत ठेवला आणि तीन दिवस हात लावला नाही. चौथ्या दिवशी तबलीवर फिरवला, तेव्हा निघालेला छिलका इतका पातळ होता की त्यातून गल्लीतला उजेड दिसत होता.

शेजारच्या वर्कशॉपमधले काका ते बघून म्हणाले, “मलाही एक मागव, आणि माझ्या दोन्ही पुतण्यांनाही.” मी तिघांचं मिळून गणित केलं. तीन रंध्यांचं कुरिअर 60 पौंड, म्हणजे प्रत्येकी 20, आणि हे 20 टक्क्यांच्या आत असल्यामुळे पूर्ण मोजले जातात. कुरिअरचे 708 तिघांत वाटून 236. भाव तेच धरले तर एक रंधा 24,744 ला पडतो. काकांनी लगेच पैसे काढले. मी म्हटलं, “थांबा, आधी कस्टमचा नवा भाव बघू द्या.”