खेळताना काळा होणारा स्क्रीन आणि पाच मीटरची केबल

अशोक चौकाच्या पुढे, गल्लीत आत, खाली यंत्रमागाचा कारखाना आणि वर घर. चादरी आणि टॉवेल विणणारी अशी घरं सोलापूरच्या पूर्व भागात पुष्कळ आहेत. तिथल्या मालकांचा फोन आला तेव्हा त्यांनी एकाच दमात सगळं सांगितलं. पोराला नवा कॉम्प्युटर घेऊन दिला, गेम खेळताना स्क्रीन मध्येच काळा पडतो, दोन-तीन सेकंदांनी परत येतो. एका दुकानदाराने पाहिलं आणि ग्राफिक्स कार्ड गेलंय, नवीन टाका, म्हणून सांगितलं. कार्डाची किंमत ऐकून मालकांनी विचार केला, अजून एकाला दाखवू.

घरात पाऊल टाकलं तेव्हा खालचे माग चालू होते. जमिनीला पायाखाली बारीक कंप जाणवत होता. मालकांचा संशय त्या मागांवरच होता. "लाईटचाच घोळ आहे ओ. मोटर चालू झाली की व्होल्टेज पडतं," ते म्हणाले. संशय काही वेडगळ नव्हता. पण मी पोराला एवढंच विचारलं, "रात्री माग बंद झाल्यावर खेळतोस तेव्हा होतं का?"

"होतं की दादा. उलट रात्रीच जास्त, कारण खेळतो रात्रीच."

तेवढ्यावर वीज निर्दोष ठरत नाही, पण मागांवरचा संशय बराच हलका झाला. मग दुसरा प्रश्न: स्क्रीन काळा असताना हेडफोनमध्ये आवाज येतो का? येतो, गोळ्यांचा आवाज चालूच असतो, मित्रांचं बोलणंही ऐकू येतं. हे उत्तर फार कामाचं होतं. कॉम्प्युटर स्वतः बंद पडत असता तर आवाजही गेला असता. वीज क्षणभर गेली असती तर मशीन रीस्टार्ट झालं असतं. इथे मशीन जिवंत होतं, गेमही चालू होता, फक्त चित्र मॉनिटरपर्यंत पोहोचत नव्हतं.

खात्रीसाठी विंडोजने ठेवलेल्या नोंदी दाखवणारा Event Viewer उघडला. ग्राफिक्स ड्रायव्हर अडकून विंडोजने तो पुन्हा चालू केला, तर System लॉगमध्ये 4101 क्रमांकाची नोंद पडते: Display driver nvlddmkm stopped responding and has successfully recovered. आदल्या रात्री स्क्रीन बऱ्याच वेळा गेला होता, आणि त्या वेळांशी जुळणारी एकही अशी नोंद तिथे नव्हती. कार्ड मरायला टेकलेलं असतं तर बहुतेक वेळा लॉगमध्ये काहीतरी खूण सापडते, किंवा गेमच बंद पडतो. इथे दोन्ही नव्हतं. कार्ड बदलायला सांगण्याआधी हा लॉग कुणीतरी उघडायला हवा होता, असं मला आजही वाटतं. पाच मिनिटांचं काम आहे आणि समोरच्याचे हजारो रुपये वाचतात.

मग पोराला गेम लावायला सांगितला आणि मी स्क्रीनच्या जवळ बसलो. गेममध्ये एक अंधारी खोली होती. त्या काळ्या भिंतीवर अधूनमधून पांढरे, सुईच्या टोकाएवढे ठिपके चमकून जात होते. एक इथे, एक तिथे, लगेच नाहीसे. पोराला वाटायचं गेममधलीच धूळ आहे. थोड्या वेळाने ठिपके वाढले, आणि स्क्रीन गेला. मॉनिटरवर No Signal उमटलं, चित्र परत आलं.

हे ठिपके दिसले की माझा हात केबलकडे जातो. या मॉनिटरला एचडीएमआय 2.0 ने जोडलं होतं, आणि त्या पद्धतीत चित्राचा बिघडलेला बिट दुरुस्त करायची सोय नसते. बिट चुकला की तो पिक्सेल चुकीच्या रंगाचा उमटतो, म्हणजे ठिपका. चुका आणखी वाढल्या की मॉनिटरची सिग्नलवरची पकड सुटते. मग तो स्क्रीन काळा करतो आणि सिग्नल नव्याने पकडतो. त्यातच ते दोन-तीन सेकंद जातात.

आता प्रश्न असा की केबल खराब असेल तर डेस्कटॉपवर, यूट्यूबवर काहीच कसं होत नाही? फक्त गेममध्येच का? मॉनिटर 27 इंची, 2560×1440 चा. Settings > System > Display > Advanced display मध्ये गेलो, तर डेस्कटॉपचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा, 60 हर्ट्झ होता. नवीन मॉनिटर जोडल्यावर विंडोज पुष्कळदा 60 वरच राहतं आणि कुणी बदलत नाही. गेमच्या सेटिंगमध्ये मात्र पोराने फुलस्क्रीन आणि 144 हर्ट्झ निवडलेलं. म्हणजे गेम उघडला की केबलमधून जाणारा डेटा दुपटीहून जास्त व्हायचा. 60 ला या रिझोल्यूशनला केबलवर सेकंदाला साधारण 7.2 गिगाबिट धावतात. 144 ला तोच आकडा साडेसतराच्या आसपास जातो. एचडीएमआय 2.0 ची कमाल मर्यादाच 18 आहे. पोर्ट आणि मॉनिटर दोघेही ते पेलतात, पण अगदी काठावर.

आणि केबल? ती हातात घेऊन तिच्यावर छापलेलं वाचलं: High Speed HDMI. एवढंच. या जुन्या वर्गाची केबल 10.2 गिगाबिटपर्यंतच तपासलेली असते. 18 साठी तपासलेल्या केबलवर Premium High Speed असं लिहिलेलं असतं. हाय स्पीड म्हटल्यावर कुणालाही वाटेल की सगळ्यात वेगवान हीच. त्यातून ही केबल पाच मीटर लांब होती. तांब्याच्या केबलमध्ये लांबी वाढेल तसा सिग्नल क्षीण होतो, आणि वेग जितका जास्त तितकी ही घसरण जास्त. दोन मीटरच्या चांगल्या बनावटीच्या जुन्या केबलवर 18 निभावूनही जातं. पाच मीटरवर तो नशिबाचा भाग होतो.

पाच मीटर कशाला, तर कापसाच्या तंतूंमुळे. खालून जिन्याने वर येणारा बारीक कापूस कॅबिनेटच्या पंख्यांत अडकतो, म्हणून मालकांनी कॅबिनेट खोलीच्या पलीकडच्या बाजूला, दाराच्या कपाटात ठेवलं होतं. काळजीने केलेलं काम होतं ते. केबल कपाटाच्या फटीतून बाहेर यायची आणि तिथेच दाराखाली चेपून तिला काटकोनात घडी पडली होती.

तरी एवढ्यावर मी केबलला दोषी ठरवलं नाही. आधी गेम बंद केला आणि डेस्कटॉपलाच 144 वर टाकलं. समोर फक्त रिकामा डेस्कटॉप, कार्डवर काहीच भार नाही. थोड्याच वेळात स्क्रीन गेला आणि आला. पोरगा चकित होऊन बघत राहिला. गेम आणि कार्डाची गरमी, दोन्ही त्या क्षणी सुटले. मग 120 वर आणलं. तिथे 15 च्या आसपास डेटा धावतो. स्क्रीन जाणं थांबलं, पण काळ्या वॉलपेपरवर ठिपके अधूनमधून दिसत राहिले. 60 वर सगळं स्वच्छ. त्यानंतर पुन्हा 144 करून मी कपाटाच्या फटीतली घडी बोटांनी हळूच हलवली. हलवली की स्क्रीन काळा.

मालक इतका वेळ दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "म्हणजे कच्चं सूत. माग हळू चालला की निभतं, वेग वाढवला की तुटायला लागतं." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

पोर्टची शंका उरली होती. केबल काठावर आहे हे खरं, पण पोर्टही सैल असू शकतो. कॅबिनेट कपाटातून काढून टेबलाशेजारी आणलं आणि माझ्या पिशवीतली दोन मीटरची Premium High Speed केबल त्याच दोन पोर्टांत लावली. 144 वर तासभर खेळायला लावलं. एक ठिपका नाही. पोर्ट ठीक होते. पहिली शंका आली तेव्हाच पोर्ट बदलून पाहिलं असतं आणि जुनीच केबल ठेवली असती, तर हे कळलं नसतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मी कधी मोडत नाही.

मॉनिटर 165 हर्ट्झचा होता, पण ते 165 एचडीएमआयवर नाही, फक्त डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या प्रकारच्या जोडणीवरच मिळणार होते. म्हणून कायमसाठी मी दोन मीटरच्या आतली डिस्प्लेपोर्ट केबल सुचवली. कॅबिनेट टेबलाखाली ठेवायचं, हवा आत घेणाऱ्या पंख्यांवर धुता येणारी जाळी लावायची आणि ती आठवड्याला काढून झटकायची. कॅबिनेट कपाटातच ठेवायचा हट्ट असता तर फायबरची एचडीएमआय केबल हा मार्ग होता. ती लांबवर नीट चालते, पण महाग असते. शिवाय तिला दिशा असते: एक टोक कॉम्प्युटरचं, दुसरं मॉनिटरचं, उलट लावली तर चित्रच येत नाही.

डिस्प्लेपोर्ट लावल्यावर पोरगा परत काळजीत पडला. गेम उघडताना आणि Alt+Tab करताना स्क्रीन अजून एकदा काळा होत होता. हे मात्र बिघाडाचं लक्षण नव्हतं. डेस्कटॉप अजून 60 वर, गेम 165 वर. रिफ्रेश रेट बदलताना मॉनिटर नवा सिग्नल पकडायला क्षणभर घेतोच. डेस्कटॉपही 165 वर ठेवला आणि तेही थांबलं. फरक ओळखायची खूण सोपी आहे. तुम्ही काही केल्यावर, ठरलेल्या क्षणी, एकदाच जातो तो मोड बदलण्याचा काळोख. खेळाच्या मध्येच, कधीही, ठिपक्यांसह जातो तो केबलचा.

निघताना त्याला आणखी एक सांगून ठेवलं. कधी खुर्चीवरून उठताना किंवा बसताना स्क्रीन गेला, तर लगेच मला फोन करू नकोस, आधी नीट लक्ष ठेव. गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्च्यांमधून उठता-बसता विजेचा एक बारीक झटका निघतो आणि जवळच्या केबलमधला सिग्नल तोडू शकतो. चांगल्या आवरणाची केबल त्याला बरीच दाद देत नाही, पण खुर्ची आणि केबल यांत अंतर ठेवलेलं बरं.

जुनी केबल मालक टाकून द्यायला निघाले होते. मी थांबवलं. ती फुल एचडी टीव्हीला 60 हर्ट्झवर साडेचार गिगाबिट आरामात देते, त्या कामाला तिच्यात काही खोट नाही. घडी पडलेल्या जागी सरळ करून ती बाहेरच्या खोलीतल्या सेटटॉप बॉक्सला लावली, टीव्हीवर बातम्या लावून मालकांना दाखवल्या, आणि ग्राफिक्स कार्ड आहे तेच राहिलं.