आठ आठवडे नाशिकहून: एका अर्जाची गोष्ट

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी इंग्लंडमधल्या लीड्समध्ये होते आणि माझ्याकडे वर्षभरात उरलेल्या सुट्ट्या होत्या नऊ. नाशिकला इंदिरानगरच्या घरी ती एकटी. मी मॅनेजरला लांबलचक ईमेल लिहिलं: आईचं वय, फिजिओथेरपी, मी एकुलती एक, सगळं. तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं. 'तुझ्या आईबद्दल वाईट वाटलं. पण यात तू नेमकं काय मागते आहेस, तेच मला सापडलं नाही.'

खूप लागलं ते. आपल्याकडे बाबांना सुट्टी हवी असली की ते साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन पाच मिनिटं बसत, साहेब चहा मागवत आणि काम होऊन जाई. इथे आईच्या गुडघ्यालाही कागद लागतो! चार दिवस मी घुश्शात होते. मग ईमेल पुन्हा वाचलं आणि कबूल करावं लागलं की त्यात खरंच मागणी नव्हती, फक्त रडगाणं होतं.

इथे एप्रिल 2024 पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामाची वेळ किंवा जागा बदलून मागता येते, वर्षात दोनदा. हा हक्क फक्त मागण्याचा आहे, मिळण्याचा नाही. पण नकार द्यायचा तर कायद्यात दिलेल्या आठ कारणांपैकीच एखादं द्यावं लागतं, त्याआधी तुमच्याशी बोलावं लागतं, आणि सगळा निर्णय, अपील धरून, दोन महिन्यांत. अर्जात तारीख, कायद्याखालचा अर्ज असल्याचा उल्लेख, कोणता बदल, कधीपासून आणि आधी कधी अर्ज केला होता का, एवढंच लागतं. आईचं वय कुठेही लागत नाही.

मी मागितलं ते असं: दरवर्षी आठ आठवडे नाशिकहून काम, इथल्याच ऑफिसच्या वेळेत. आणि यंदा 29 सप्टेंबर ते 21 नोव्हेंबर 2025 ही चाचणी. खरी मेख इथे होती. अर्ज मंजूर झाला की तो नोकरीच्या करारातला कायमचा बदल ठरतो, वेगळं काही ठरलं नसेल तर. म्हणून कंपन्या सरळ 'हो' म्हणायला कचरतात. आणि दोन महिन्यांची मुदत चाचणीपेक्षा आधीच संपते. अर्ज 14 जुलैचा, म्हणजे मुदत 14 सप्टेंबर, चाचणी सुरू व्हायच्याही आधी. तेव्हा निर्णयाची तारीख 12 डिसेंबरपर्यंत पुढे नेल्याचं दोघींनी लेखी मान्य केलं. त्यातच लिहिलं की त्या दिवशी कोणी काहीच बोललं नाही, तर मी जुन्या पद्धतीवर परत येईन. हे वाक्य मीच घातलं. आपल्या विरुद्ध जाणारं वाक्य आपणच लिहिलं की समोरच्याचे खांदे जरा सैल होतात.

एचआरने दोनच प्रश्न विचारले: भारतात किती दिवस राहणार, आणि तिथून कंपनीच्या वतीने करार करणार का. दुसऱ्याचं कारण मला नंतर कळलं. तिथे बसून करार केले, तर कंपनीचा भारतात धंदा आहे असं धरून कर लागू शकतो. मी हिशेब विभागात आहे, करारांवर सही करत नाही. तरीही 'करणार नाही' असं लिहून दिलं. मी आता इथली कायमची रहिवासी आहे. तुम्ही कंपनीच्या व्हिसावर असाल तर कामाची जागा बदलण्याआधी एचआरलाच विचारा, तो वेगळा खेळ आहे.

आता मोजमापाकडे येते, कारण खरं भांडण तिथे झालं. मी तीन गोष्टी सुचवल्या होत्या. महिनाअखेरचे हिशेब कामाच्या कितव्या दिवशी बंद होतात. पुरवठादारांच्या दर शंभर चौकश्यांपैकी किती एका दिवसात निकाली निघतात. आणि नोंदवल्यावर दुरुस्त कराव्या लागलेल्या नोंदी किती. मागच्या तीन महिन्यांचे माझे आकडे आधीच काढून ठेवले: हिशेब पाचव्या, सहाव्या आणि पाचव्या दिवशी, चौकश्या 82, दुरुस्त्या महिन्याला साधारण सहा. आठ आठवड्यांत दोन महिनाअखेरी याव्यात म्हणूनच तारखा तशा निवडल्या. चार आठवड्यांच्या चाचणीत एकच महिनाअखेर येते, आणि ती नशिबाने चांगली गेली की वाईट, हे कोणालाच सांगता येत नाही.

मॅनेजरने चौथी गोष्ट घातली: मेसेजला एका तासात उत्तर. माझं डोकं सणकलं. हे काम मोजणं नाही, मी खुर्चीत आहे का ते मोजणं! ती म्हणाली, ऑफिसात लोक बिल घेऊन तुझ्या टेबलापाशी येतात, त्याचं काय होणार? प्रश्न चुकीचा नव्हता, हे मला तेव्हा मान्य नव्हतं. शेवटी मी म्हटलं, ठीक, पण हाच आकडा आधी दोन आठवडे मी इथे ऑफिसात असताना मोजू. मोजला. ऑफिसात बसून मी दहापैकी सात मेसेजना तासाभरात उत्तर देत होते, बाकीच्या वेळी मी मीटिंगमध्ये असे. म्हणजे नाशिकहून दहापैकी सात आले, तर तो माझा दोष नव्हे. हे मोजलं नसतं, तर शंभर टक्के उत्तराची अपेक्षा माझ्या माथी बसली असती आणि चाचणी पहिल्याच आठवड्यात 'अपयशी' ठरली असती.

नाशिकला माझा दिवस दुपारी दीडला सुरू होई. सकाळ आईची: फिजिओथेरपिस्ट, भाजी, गल्लीतल्या काकू. 26 ऑक्टोबरला इथली घड्याळं मागे गेली आणि माझा दिवस अडीच ते साडेदहा झाला. आई रात्री साडेआठला जेवते. तिचं ताट वाढून मी परत आत, दार बंद. 'आलीस म्हणायला आलीस,' म्हणाली एकदा. मावसभाऊ म्हणाला, 'घरून काम म्हणजे मज्जा आहे बुवा.' त्याला काय सांगायचं?

तीनदा इंटरनेट गेलं, एकदा नेमकं महिनाअखेरीच्या चौथ्या दिवशी. अर्धा तास बंद राहिलं तर कळवायचं आणि मोबाईलवरून जोडायचं, हे अर्जातच होतं, म्हणून धांदल झाली पण ओरडा झाला नाही. तिन्ही वेळा मी स्वतःच नोंदवून ठेवल्या.

शेवटी आकडे आले: दोन्ही महिने पाचव्या दिवशी, चौकश्या 88, मेसेज दहापैकी आठ. दुरुस्त्या मात्र महिन्याला आठ झाल्या. त्या बहुतेक रात्री नऊनंतरच्या होत्या, हे नोंदींच्या वेळांवरून मीच दाखवलं, आणि पुढच्या वर्षी उशिरा नवीन नोंदी न करता फक्त तपासणी करीन असं सुचवलं. लपवलं असतं तर मॅनेजरने शोधलंच असतं.

12 डिसेंबरच्या तीन दिवस आधी पत्र आलं. मंजूर, आठ आठवडे, पुढच्या वर्षी 28 सप्टेंबर ते 20 नोव्हेंबर. मी आईला फोनवर तारखा सांगितल्या. तिने तिथल्या तिथे कालनिर्णय उघडलं.

'लक्ष्मीपूजन रविवारी आहे,' म्हणाली. 'म्हणजे तुझी एक सुट्टी वाचली.'