पाच खाडे, दोन रुपयांची दरवाढ आणि पंधरा रुपयांचा फरक

मार्च २०२५ मधल्या दुधाच्या हिशेबाची चिठ्ठी मी अजून फ्रिजवरून काढलेली नाही. तिच्यातला घोळ फक्त पंधरा रुपयांचा होता आणि तो निस्तरायला मला पाच आठवडे व चार फेऱ्या लागल्या. पंधरा रुपयांसाठी एवढे कशाला, असे घरातही विचारून झाले आहे. महिन्याच्या मध्यावर दर वाढला आणि त्याच महिन्यात खाडे झाले, तर दूध प्रत्यक्षात किती रुपयांना पडले हे काढणे वाटते तितके सरळ नसते, आणि डेअरीलाही ते सरळ जमत नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

पुण्यात आमच्याकडे गायीच्या दुधाचा रोज दीड लिटरचा रतीब आहे, म्हणजे अर्ध्या लिटरच्या तीन पिशव्या. महिन्याचे पैसे एक तारखेला आगाऊ भरायचे आणि घरपोच आकार महिन्याला ७५ रुपये. त्या वेळी दर लिटरला ५६ रुपये होता. म्हणजे दिवसाला ८४ रुपये, एकतीस दिवसांचे २६०४ आणि घरपोच आकार धरून २६७९ रुपये मी १ मार्चला भरले. पुढे राज्यातल्या दूध उत्पादक व प्रक्रिया व्यावसायिकांच्या संघटनेने १५ मार्चपासून विक्रीदरात लिटरमागे दोन रुपयांची वाढ जाहीर केली. आमचा दर ५८ झाला आणि दिवसाचे ८४ चे ८७ झाले. याच वर्षी अमूलची दरवाढ १ मे रोजी आली. ती महिन्याच्या पहिल्याच तारखेला असल्यामुळे त्या महिन्याला दोन दर लागण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडची वाढ नेमकी मध्यावर आली.

२० ते २५ मार्च असे सहा दिवस आम्ही कोल्हापूरला होतो. खाडा आदल्या रात्री नऊच्या आत कळवायचा असा डेअरीचा नियम आहे. बॅगा भरण्याच्या गडबडीत माझा निरोप सव्वादहाला गेला, त्यामुळे २० तारखेच्या तीन पिशव्या सकाळी दारात येऊन पडल्या आणि शेजारच्या काकूंनी त्या नेल्या. ही चूक सर्वस्वी माझी होती आणि तो दिवस मी खाड्यात धरलाच नाही. उरले २१ ते २५ असे पाच खाडे. याच ठिकाणी सांगून ठेवते की निरोप पाठवल्यावर त्याची वेळ दिसेल असे चित्र जपून ठेवावे. मला पुढे ते उपयोगी पडले.

एप्रिलची चिठ्ठी आली ती अशी: एप्रिलचे आगाऊ तीस दिवस, रोज ८७ प्रमाणे २६१०, घरपोच आकार ७५, मार्चच्या दरवाढीचा फरक ५१, खाडे पाच, वजा ४२०, देय रक्कम २३१६. पहिल्या नजरेला मला बरेच वाटले. दर वाढूनही मार्चच्या २६७९ पेक्षा कमी पैसे द्यायचे होते. हाच पहिला चकवा आहे. मार्चच्या खाड्यांचे पैसे एप्रिलच्या रकमेतून वजा होतात, त्यामुळे खिशातून गेलेले पैसे पाहिले तर मार्च महाग आणि एप्रिल स्वस्त दिसतो. दूध ज्या महिन्यात घरात आले त्या महिन्याच्या नावावर त्याचा खर्च लावला नाही, तर दरवाढ कुठे गेली तेच कळत नाही.

म्हणून मी स्वयंपाकघरातली दिनदर्शिका काढली. तिच्यावर दूध आले की फुली आणि खाड्याला गोल, अशी आमची जुनी पद्धत आहे. १ ते १४ मार्च चौदा फुल्या होत्या. १५ ते २० सहा, मग पाच गोल आणि २६ ते ३१ पुन्हा सहा फुल्या. म्हणजे जुन्या दराचे दिवस १४ आणि नव्या दराचे १२. चौदा दिवसांचे ८४ प्रमाणे ११७६ झाले आणि बारा दिवसांचे ८७ प्रमाणे १०४४ झाले. दुधाचे एकूण २२२० रुपये. चिठ्ठीवरून मात्र आकडा वेगळा येत होता: आगाऊ भरलेले २६०४, अधिक फरक ५१, वजा खाडे ४२०, म्हणजे २२३५. पंधरा रुपये जास्त.

आपलेच काहीतरी चुकले असेल असे समजून मी दोनदा बेरीज केली. मग फरकाचे ५१ रुपये कुठून आले ते पाहिले. १५ ते ३१ मार्च हे सतरा दिवस, रोज दीड लिटर, लिटरला दोन रुपये, म्हणजे रोजचे तीन आणि सतरा दिवसांचे ५१. पण त्या सतरापैकी पाच दिवस दूध आलेलेच नव्हते. न आलेल्या दुधाच्या वाढीव दराचे पाच गुणिले तीन, असे पंधरा रुपये माझ्याकडून घेतले गेले होते.

पहिल्या फेरीत काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काकू, खाडे सगळे वजा झालेत की. पाच खाडे, रोजचे ८४, चारशे वीस. बघा.” मी म्हटले, ८४ कसे, त्या दिवसांचा दर ८७ होता ना? त्यावर तो म्हणाला, “पण तुम्ही पैसे भरलेत ते ८४ नेच.” हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते, म्हणूनच मी निरुत्तर होऊन परत आले. घरी येऊन विचार केल्यावर उमगले की खाडे ८४ ने वजा करायला माझी हरकत असण्याचे कारणच नाही, पण मग दरवाढीचा फरक फक्त बारा दिवसांचा, म्हणजे ३६ रुपयेच, लावला पाहिजे. किंवा फरक पूर्ण सतरा दिवसांचा लावायचा असेल तर त्या पाच दिवसांवरही तो लागलेला आहे, तेव्हा खाडे ८७ ने, म्हणजे ४३५ रुपये, वजा झाले पाहिजेत. दोन्ही वाटांनी उत्तर २२२० च येते. डेअरीने एका वाटेवरचा फरक आणि दुसऱ्या वाटेवरची वजावट अशी मोट बांधली होती.

दुसऱ्या फेरीला मालक नव्हते. तिसऱ्या फेरीत भेटले, पण त्यांनी माझ्यासमोर आमच्याच इमारतीतल्या दुसऱ्या घराची चिठ्ठी काढली. तिथेही रोज दीड लिटर, पाचच खाडे आणि रक्कम तंतोतंत तीच. “त्यांची काही तक्रार नाही,” असे म्हणून त्यांनी विषय संपवला. मला खरे सांगायचे तर रागापेक्षा शंका आली, की आपणच कुठेतरी घसरतो आहोत. त्या संध्याकाळी मी त्या घरी जाऊन तारखा विचारल्या. त्यांचे खाडे ३ ते ७ मार्चचे होते. तेव्हा सगळा उलगडा झाला. त्यांचे पाचही खाडे जुन्या दरात पडले होते. ८४ ने वजावट बरोबर, आणि १५ पासून सतराही दिवस दूध आले म्हणून ५१ चा फरकही बरोबर. त्यांच्याकडे जुन्या दराचे नऊ दिवस ७५६ आणि नव्या दराचे सतरा दिवस १४७९, बेरीज २२३५. डेअरीचा हिशेब त्यांच्यासाठी अचूक होता आणि माझ्यासाठी चूक, कारण तो खाडे किती एवढेच मोजत होता. ते कोणत्या तारखांना पडले हे पाहतच नव्हता.

चौथ्या फेरीला मी दिनदर्शिकेचे मार्चचे पान आणि निरोपाचे चित्र घेऊनच गेले. मालकांना मी एवढेच विचारले की माझ्याकडे १५ तारखेपासून किती पिशव्या आल्या ते मोजा. त्यांनी दूध टाकणाऱ्याची वही मागवली, छत्तीस पिशव्या निघाल्या, म्हणजे अठरा लिटर. अठरा लिटरला दोन रुपयांप्रमाणे फरक छत्तीसच होतो, हे त्यांनी स्वतःच गणकयंत्रावर केले आणि मग फार बोलले नाहीत. ‘दिवस’ म्हटले की वाद होतो, ‘पिशव्या’ म्हटले की होत नाही, असे मला तेव्हा वाटले.

दरवाढीच्या पहिल्या दिवशीच्या पिशवीवर छापलेली किंमत पाहायला विसरू नये. आमच्या १५ तारखेच्या पिशवीवर नवी किंमत, २९ रुपये, छापलेली होती. जुनी, २८ रुपयांची असती तर त्या दिवसाला नवा दर लावता आला नसता, कारण छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही.

आता मार्चचे दूध प्रत्यक्षात किती रुपयांना पडले ते. दुधाचे २२२० आणि घरपोच आकाराचे ७५ मिळून २२९५ रुपये, आणि आलेले दूध सव्वीस दिवसांचे ३९ लिटर. म्हणजे लिटरला ५८ रुपये ८५ पैसे. हा आकडा नव्या दराहूनही जास्त आहे, आणि मी प्रथम पाहिला तेव्हा पुन्हा एकदा बेरीज तपासली. नुसत्या दुधाचा भाव ५६ रुपये ९२ पैसेच पडला होता. वरचे १ रुपया ९२ पैसे घरपोच आकाराचे. खाडे केले तरी तो आकार ७५ चा ७५ राहतो. पूर्ण महिना दूध आले असते तर तोच लिटरला १ रुपया ६१ पैसे पडला असता. खाड्यांमुळे महिन्याचा खर्च कमी होतो, पण लिटरचा भाव मात्र चढतो.

जुन्या-नव्या दराची सरासरी ५७ धरून ३९ लिटरने गुणले तर २२२३ येतात, म्हणजे फक्त तीन रुपयांची चूक. पण हे जुळण्याचे कारण चौदा आणि बारा दिवस हे जवळजवळ सारखे होते, इतकेच. दरवाढ २५ तारखेला आली असती तर ही सरासरी बरीच फसली असती.

पंधरा रुपये शेवटी मेच्या चिठ्ठीत ‘इतर वजावट’ म्हणून आले, कशाची ते न लिहिता. २० तारखेच्या तीन पिशव्या आमच्या पोटात गेल्याच नाहीत, तेव्हा खरा भाव २२९५ भागिले साडेसदतीस, म्हणजे ६१ रुपये २० पैसे धरला पाहिजे, असे आमच्या ह्यांचे म्हणणे आहे. मी तो धरलेला नाही, कारण शेजारच्या काकूंनी त्या दुधाचे दही लावले होते आणि आम्ही परत आलो त्या संध्याकाळी त्याची वाटी आमच्याकडे आली होती.