टाचेच्या वरचं दुखणं आणि सकाळची पहिली पावलं

पावसाळ्यातल्या मॅरेथॉनच्या तयारीसाठी मी ठाण्यात उपवन तलावापासून येऊरचा चढ धावत चढायला लागलो आणि थोड्याच आठवड्यांत उजव्या टाचेच्या वर दुखायला लागलं. टाचेच्या हाडावर नव्हे, तर त्याच्या तीन बोटं वर, जिथे मागची जाड शीर चिमटीत धरता येते तिथे. सकाळी पलंगावरून उतरलो की पाय ताठ असायचा, भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघरापर्यंत जायचो. चहा उकळेपर्यंत पाय मोकळा व्हायचा. धावतानाही तसंच व्हायचं. सुरुवातीला टोचायचं, अंग तापलं की दुखणं जवळजवळ नाहीसं व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुपटीने परत यायचं.

घोडबंदर रोडवरच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी दोन्ही पायांच्या शिरा चिमटीत धरून पाहिल्या. उजवी एका जागी जाड झाली होती आणि तिथेच दाबल्यावर कळ येत होती. मग मला पालथं झोपवून त्यांनी पोटरी दाबली. पाऊल आपोआप खाली हललं. “हललं ना, म्हणजे शीर तुटलेली नाही,” त्या म्हणाल्या. खेळताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, आवाज आला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर मात्र त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं, हेही त्यांनी बजावलं. अलीकडे सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक घेतलं होतं का, असंही विचारलं, कारण त्या गटातल्या औषधांनी ही शीर कमकुवत होऊ शकते. मी घेतलेलं नव्हतं.

पोटरीचे स्नायू खाली या एकाच शिरेत उतरतात, तिला अकिलीस टेंडन म्हणतात. धावताना प्रत्येक पावलाला तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो. चढावर टाच चवड्यापेक्षा खाली राहते, त्यामुळे शीर जास्त ताणली जाते. जोरदार व्यायामानंतर पहिला दीडेक दिवस तिच्या धाग्यांची झीज जास्त आणि भरणी कमी असते, भरणी वरचढ होते ती त्यानंतर. रोज चढ धावलं की ती वेळच मिळत नाही. मग धागे एका दिशेत राहत नाहीत, मध्ये पाणी धरतं आणि शीर फुगते. म्हणूनच वेदनाशामक गोळीने दुखणं दबतं, पण शिरेची ताकद वाढत नाही. नुसत्या विश्रांतीचंही तेच. बरं वाटतं, पण धावायला लागलं की दुखणं पुन्हा हजर.

उपाय म्हणजे तिच्यावर मोजून ताण देणं. आमच्या इमारतीच्या जिन्यात कठडा धरून पायरीच्या कडेवर चवडे टेकवायचे, दोन्ही पायांनी वर उचलायचं, सगळा भार दुखऱ्या पायावर घ्यायचा आणि टाच सावकाश पायरीच्या खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा असे ३ संच, मग गुडघा किंचित वाकवून तेवढेच, सकाळ-संध्याकाळ. स्वीडनच्या हाकन अल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेली ही १२ आठवड्यांची पद्धत आहे. सोपं वाटायला लागलं तसा मी पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाची पिशवी टाकली.

यात थोडं दुखतंच. किती चालेल याचा बाईंनी दिलेला नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. व्यायाम करताना दुखणं १० पैकी ५ पर्यंत गेलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळचा ताठरपणा आदल्या सकाळपेक्षा वाढता कामा नये. सपाट रस्त्यावर चालत-धावत सुरुवात केल्यावर मी हेच पाहत होतो. एकदा तलावाभोवती नेहमीपेक्षा वेगाने फेऱ्या झाल्या आणि सकाळी चहा संपला तरी पाय सुटेना. तेव्हा वेग कमी केला, मध्ये एक दिवस जास्त सोडला आणि जिन्यातला व्यायाम मात्र चालू ठेवला. दोन सकाळींत ताठरपणा पूर्ववत झाला.

माझ्या भावाचं दुखणं अगदी टाचेच्या हाडाला चिकटून आहे. त्याला बाईंनी पायरीखाली टाच सोडायला मनाई केली, कारण तिथे शीर हाडावर दाबली जाते. तो सपाट जमिनीवरच टाचा उचलतो आणि पोटरी ताणायचे व्यायाम टाळतो. तेव्हा जिन्यावर जाण्याआधी नेमकं कुठे दुखतंय ते बोटाने दाबून पाहा.

बारा आठवडे झाल्यावरही सकाळची पहिली काही पावलं थोडी जड असायची, शिरेतली गाठही हाताला लागायची. आता येऊरचा चढ मी पुन्हा धावतो, पण सलग दोन दिवस नाही. जिन्यातला व्यायाम आठवड्यातून तीनदा चालूच आहे.