70 चा 94 कसा झाला: कूलरच्या जाहिरातींचं गुणपत्रक आणि मी

मार्च लागला की नागपुरात कूलरचा धंदा सुरू होतो. धरमपेठेतल्या आमच्या छोट्या ऑफिसात त्या वर्षी सीताबर्डीच्या एका कूलरवाल्या काकांच्या ऑनलाइन जाहिराती माझ्याकडे होत्या. रोज सकाळी त्यांना रिपोर्ट जायचा. त्यात इतके रकाने होते की काका ते वाचतच नसत. "ताई, कोणती जाहिरात चांगली चालून राहिली, तेवढं एका आकड्यात सांगा न," असं ते म्हणाले आणि मी उत्साहाने कामाला लागले.

मी दोन मापं घेतली. एक सीटीआर, म्हणजे जाहिरात दिसली त्यांपैकी किती टक्के लोकांनी क्लिक केलं. दुसरं, एका चौकशीमागे किती खर्च आला. सीटीआरला 40 गुण, खर्चाला 60. टक्के आणि रुपये थेट बेरजेत घालता येत नाहीत, म्हणून शीटवर सगळे करतात तेच केलं: त्या मापात जी जाहिरात सगळ्यात चांगली तिला पूर्ण गुण, सगळ्यात वाईट तिला शून्य, आणि मधल्यांना त्या अंतराच्या प्रमाणात.

तेव्हा तीन जाहिराती चालू होत्या. गूगल सर्चचा सीटीआर 4 टक्के, चौकशी 140 रुपयांना. इन्स्टाग्रामच्या रीलचा 2 टक्के, चौकशी 100 रुपयांना. "जुना द्या, नवा घ्या" ही फेसबुकची 1 टक्का आणि 180 रुपये. गुण आले: रील 73, सर्च 70, फेसबुक शून्य. काका खूश झाले, पैसे रीलकडे वळवले.

मग गुढीपाडव्यासाठी चौथी जाहिरात लावली, मोबाइल ॲपमध्ये दिसणारं बॅनर. ते साफ पडलं. सीटीआर दीड टक्का, चौकशी 500 रुपयांना. ते वाईटच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण दुसऱ्या दिवशी शीट उघडली तर सर्च 94 वर, रील तिथेच 73 वर, आणि कालपर्यंत शून्यावर असलेली फेसबुकची जाहिरात 48 वर! मी ते पाहिलं, आणि सर्च सुधारली असं समजून दुपारपर्यंत रीलचे पैसे सर्चकडे फिरवलेसुद्धा.

संध्याकाळी काकांचा फोन आला. "ताई, सर्चवाली जाहिरात काल 70 होती, आज 94. तिच्यात काय बदललं?"

मी आकडे काढून बसले. काहीच बदललं नव्हतं. तोच 4 टक्के, तेच 140 रुपये. मग खर्चाच्या रकान्यातलं सूत्र पाहिलं:

```
=(MAX(C$2:C$5)-C2)/(MAX(C$2:C$5)-MIN(C$2:C$5))
```

सगळं इथेच होतं. आधी सगळ्यात महाग चौकशी 180 ची आणि स्वस्त 100 ची, म्हणजे अंतर 80 रुपये. सर्च आणि रीलमधला 40 रुपयांचा फरक त्या 80 च्या निम्मा, म्हणून 60 पैकी 30 गुणांचा. बॅनर आल्यावर अंतर झालं 400 रुपये, आणि तेच 40 रुपये उरले 6 गुणांचे. मी खर्चाला 60 गुण दिलेत असं कागदावर लिहिलं होतं. प्रत्यक्षात त्या 60 पैकी बहुतेक गुण आता फक्त "तू बॅनर नाहीस" एवढ्यासाठीच मिळत होते. एका पडलेल्या जाहिरातीने बाकी दोघींचा क्रम उलटवला होता, आणि मी त्यावर खरे पैसे हलवले होते. मी काकांना फोन करून ते जसंच्या तसं सांगितलं.

देशांचं आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न एका आकड्यात मांडणाऱ्या मानव विकास निर्देशांकातही अशीच अडचण होती, हे मला कॉलेजपासून माहीत असायला हवं होतं. तिथे 1994 मध्ये टोकं आधीच ठरवून ठेवायला सुरुवात झाली. आता आयुर्मानासाठी खालचं टोक 20 वर्षं आणि वरचं 85. कोणता देश यादीत आला-गेला याने दुसऱ्याचे गुण हलत नाहीत.

मीही तसंच केलं. काकांबरोबर बसून ठरवलं की चौकशी 80 रुपयांना मिळाली तर पूर्ण गुण, 240 ला शून्य. सीटीआर शून्य ते 5 टक्के. ही टोकं तारीख टाकून शीटच्या वर लिहिली, हंगाम संपेपर्यंत हलवायची नाहीत म्हणून. आता सर्चला आले 69.5 आणि रीलला 68.5.

एका गुणाचा फरक. पुन्हा फसायचं नव्हतं, म्हणून वजनं जराशी हलवून पाहिली: 40-60 ऐवजी 35-65. सर्च 68.6, रील 70.9. क्रम उलटला. 40 आणि 60 हे आकडे मी कुठून आणले होते? गोल दिसतात म्हणून घेतले होते. ज्या क्रमाला पाच गुणांची हालचाल सोसत नाही, त्या क्रमावर एक रुपयाही हलवू नये, असं माझं स्पष्ट मत झालं.

त्यात सीटीआरची तुलनाच मुळात चुकीची होती. सर्चवर माणूस स्वतः "कूलर" लिहून शोधतो, तो क्लिक करणारच. रील त्याच्यासमोर न मागता येते. दोघींना एकाच फुटपट्टीने मोजून मी सर्चला फुकटचे गुण देत होते. तो रकाना मी गुणांतून काढून टाकला.

पण मग नुसत्या खर्चावर रील सरळ जिंकते, आणि तेही मला पटेना. चौकशी म्हणजे विक्री नव्हे. दोन दुपारी मी दुकानात गेले. काउंटरवर बिलबुक, शेजारी चौकशांची यादी, आणि मी मोबाइल नंबरचे शेवटचे पाच आकडे एकेक करून जुळवत होते. मागे चालू कूलरचा एवढा आवाज की नंबर मोठ्याने म्हणावे लागायचे. सर्चच्या 60 चौकशांतून 12 कूलर गेले होते, रीलच्या 90 मधून 9. म्हणजे सर्चचा एक कूलर 700 रुपयांच्या जाहिरातीत विकला जात होता, रीलचा 1000 रुपयांच्या. काउंटरवरचा दादा म्हणाला, "सर्चवाल्यांचा घरचा कूलर बंद पडलेला राहते, ते आजच नेतात. रीलवाले भाव विचारून ठेवतात."

म्हणजे चुकलेल्या सूत्राने मला योग्य जाहिरातीकडेच ढकललं होतं. त्याने मला जास्तच अस्वस्थ केलं, कारण काकांचा फोन आला नसता तर मी त्या 94 वर विश्वास ठेवून पुढची तीन वर्षं तीच शीट वापरली असती.

तरी 12 आणि 9 हेही लहान आकडे आहेत. रीलच्या खात्यात आणखी चार कूलर पडले असते, तर तिचा एक कूलर 692 रुपयांवर आला असता आणि दोघी बरोबरीत. शिवाय कोणी बायकोच्या नंबरवर बिल केलं असेल, कोणी भाव विचारून एप्रिलमध्ये येणार असेल. म्हणून काकांना सांगितलं की मधल्या एप्रिलपर्यंत दोघींना सारखे पैसे देऊ आणि दर शनिवारी बिलबुक जुळवू. बॅनर त्याच दिवशी बंद केलं. त्यासाठी गुणांची गरजच नव्हती.

आता रिपोर्टमध्ये पहिले तीन रकाने असे आहेत: खर्च, चौकशा, विकलेले कूलर. गुणांचा रकाना शेवटी आहे, त्यात सीटीआरच्या जागी एका विकलेल्या कूलरमागचा खर्च घेतला आहे, आणि त्याच्या शेजारी वजनं पाच-पाच गुणांनी हलवल्यावर क्रम टिकतो की नाही, हे "हो" किंवा "नाही" असं लिहिलेलं असतं. काका आधी तोच शब्द पाहतात.