अ‍ॅडमिन झोपल्या का?

ग्रुपचं अ‍ॅडमिनपद हे सोसायटीच्या सेक्रेटरीपदासारखं असतं, मीटिंगला उशिरा पोचलात की गळ्यात पडलेलं असतं. माझ्या तसंच पडलं. नवऱ्याचं डायलिसिस चालू होतं तेव्हा मी ह्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात आले, पुढे त्याला सासूबाईंची किडनी बसली, आमचं मशीन सुटलं पण ग्रुप काही सुटला नाही. चारशेच्या वर माणसं आहेत, सगळी पेशंटच्या घरची. काम तसं फार नसतं. गुड मॉर्निंगची फुलं काढायची, किडनी साफ करणारा काढा विकणाऱ्यांना हाकलायचं, आणि केळं चालेल का हा प्रश्न रोज नव्याने आला तरी चिडायचं नाही.

त्या रात्री मी ओटा पुसून दिवा घालवत होते तेवढ्यात दुसऱ्या अ‍ॅडमिनचा नाही, एका मेंबरचाच मेसेज आला, "अ‍ॅडमिन झोपल्या का? ग्रुप बघा". दुसरे अ‍ॅडमिन काका रिटायर्ड एसटी कंडक्टर आहेत, ते नऊला झोपतात आणि पहाटे चारला फुलं टाकतात, त्यांच्यावर मी किती कारवाई करणार.

ग्रुप उघडला तर बार्शीच्या मुलाची पोस्ट. मुलगा म्हणजे तिशी ओलांडलेला असेल, पण आई आई करत लिहायचा म्हणून माझ्या डोक्यात तो मुलगाच. आई पाच दिवसांपूर्वी गेली होती, ते सगळ्यांना माहीत होतं, आपण सगळ्यांनी हात जोडलेले टाकले होते. आणि आता ही पोस्ट, अकरा बावन्नची. डायलिसिस सेंटरच्या टेक्निशियनचा फोटो, त्याचं नाव, त्याचा मोबाईल नंबर, आणि खाली, "ह्याने माझ्या आईला मारलं. आई थरथर कापत होती आणि हा म्हणाला एसी कमी करतो. सगळ्यांनी फोन करून विचारा ह्याला." मग शिव्या. आणि शेवटी, "आणि ह्या ग्रुपने पण मारलं. मी विचारलं होतं. अ‍ॅडमिन ताई म्हणाल्या ब्लँकेट न्या."

मी परत दिवा लावला आणि ओट्याशीच स्टुलावर बसले.

आधी वर वर स्क्रोल करत गेले. सापडलं, साधारण तीन आठवड्यांपूर्वीचं. "आईला मशीनवर घेतलं की अर्ध्या तासाने थंडी वाजते, नॉर्मल आहे का?" खाली अकरा उत्तरं. नॉर्मल आहे. शाल न्या. एसीखालचा बेड असेल, बदलून मागा. आणि माझं, "हो, आमच्याकडेही व्हायचं, घरून ब्लँकेट न्या". त्यावर सात अंगठे.

माझं खोटं नव्हतं. डायलिसिसला थंडी वाजतेच, चार तास रक्त बाहेर नळ्यांमधून फिरून परत येतं, हॉलमध्ये एसी, पेशंट हालचाल न करता पडलेला. पण आमच्याकडे फिस्टुला होता. म्हणजे मनगटाजवळ धमनी आणि शीर ऑपरेशन करून जोडतात, तिथे हात ठेवला की मोबाईल व्हायब्रेटवर असल्यासारखं घुंघुं लागतं, मी रोज रात्री त्याला झोप लागली की हळूच बोटं ठेवून बघायचे. त्या मुलाच्या आईचा फिस्टुला तयारच झाला नव्हता, त्याला आठवडेच्या आठवडे लागतात, तोवर मानेत नळी घातलेली. आणि मानेतली नळी असेल तर थंडीचा अर्थ बदलतो. नळीत जंतू बसले असतील तर मशीन सुरू झालं की तेच सरळ रक्तात ढकलले जातात, आणि अर्ध्या पाऊण तासात माणूस नुसता गारठत नाही, त्याला हुडहुडी भरते, दात वाजतात, बेड हलतो, दोन ब्लँकेटं टाकली तरी थांबत नाही. ताप मागाहून येतो, म्हाताऱ्या आणि शुगरवाल्या पेशंटला कधी येतच नाही. ही ब्लँकेटची केस नसते. तिथल्या तिथे डॉक्टरला बोलवायचं, रक्त कल्चरला पाठवायचं, अँटिबायोटिक सुरू करायचं, नळी काढायची का ते ठरवायचं.

हे मला माहीत होतं हो. चार वर्षं हेच वाचतेय. मी फक्त एक प्रश्न विचारला नाही, हातातून की मानेतून.

तर आता मी बसलेय, पोस्टवर बोट धरून, डिलीटचं चिन्ह वर आलंय, आणि मला कळेना की मी ही का काढतेय. टेक्निशियनसाठी, की त्या शेवटच्या ओळीसाठी? मनाला विचारलं, तुझं नाव नसतं तर काढली असतीस का? हो, नंबर आणि फोटो आहे म्हणून. आणि नंबर नसता, नुसता राग असता? मग नसती काढली. गेल्या वर्षी एकीने अख्ख्या ग्रुपला आईबहिणीवरून धुतलं होतं नवरा गेल्यावर, ते अजून तिथेच आहे, कोणाला काही झालं नाही.

अडचण अशी की व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अ‍ॅडमिनला अर्धी पोस्ट काढता येत नाही. नंबर खोडला, राग ठेवला, असं नाही. एडिट फक्त लिहिणाऱ्याला, तेही पंधरा मिनिटांत, आणि बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. दुसऱ्याची पोस्ट किती जणांनी वाचली तेही आपल्याला दिसत नाही. काढली तर त्या जागी माझ्या नावानिशी पाटी राहणार, अमक्या अ‍ॅडमिनने डिलीट केला. म्हणजे सकाळी चारशे लोकांना दिसणार, ज्या बाईवर आरोप होता तिनेच पुसला.

बरं, कायद्याची भीती घालणारे पण असतात, एक मेंबर तेवढ्यात पर्सनलला, "मॅडम अ‍ॅडमिनला आत टाकतात हं". तसं नाहीये. गोंदियाकडच्या एका केसमध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलंय की मेंबरने काही लिहिलं तर, आधीच संगनमत असल्याशिवाय, अ‍ॅडमिन गुन्हेगार होत नाही. तेव्हा तर अ‍ॅडमिनला दुसऱ्याची पोस्ट काढताच येत नव्हती, ती सोय 2022 मध्ये आली. सोय आली आणि रात्रीची झोप गेली.

मी आधी ग्रुपला कुलूप लावलं, फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतील ते सेटिंग. वाटलं आता विचार करायला वेळ मिळाला. पण कुलूप लावायच्या आधी दोन मेसेज येऊन गेलेले, एक "नंबर लावतोय, उचलत नाही", आणि दुसरा, "मी बार्शीतच आहे, घर माहितेय ह्याचं, उद्या चार पोरं घेऊन जातो."

हा दुसरा वाचला आणि माझं ठरलं. तो टेक्निशियन एका शिफ्टला किती मशीनं बघत असेल, त्याने डॉक्टरला कळवलं होतं की नव्हतं, जंतू ड्रेसिंग बदलताना गेले की घरी अंघोळीत नळी भिजली तेव्हा, हे मला स्वयंपाकघरातून कळणार नव्हतं आणि चार पोरांना तर नाहीच नाही. आणि महाराष्ट्रात 2010 पासून दवाखान्यातल्या माणसांवर हात टाकला तर तीन वर्षांपर्यंत तुरुंग आहे, म्हणजे त्या मुलाच्या दुःखात आणखी चार घरं.

मजकूर कॉपी करून ठेवला, सगळा, माझ्या ओळीसकट. मग डिलीट. फोटो ज्यांच्या फोनमध्ये आपोआप उतरला असेल तो उतरलाच, ते माझ्या हातात नव्हतं. चार पोरंवाल्याला पर्सनलला लिहिलं की जाऊ नका, गेलात तर पोलिसांना पहिला फोन मी करीन. आणि मग बार्शीला फोन लावला, रात्री बारा चाळीसला, पाच दिवसांचं सुतक असलेल्या घरी. पहिल्या रिंगला उचलला.

"तुमचं नाव होतं म्हणून काढलीत ना ताई."

"नंबर होता म्हणून काढली. माझं नाव परत टाक."

तो बोललाच नाही कितीतरी वेळ. मागे पंखा ऐकू येत होता, आणि कुणी बाई विचारत होती कोणाचा फोन. मग म्हणाला, तुम्ही लिहिलं म्हणून मी ब्लँकेट नेलं, ते निळं चौकटीचं, आईला आवडायचं, ती त्याच्या आत कापत होती आणि मी वरून दाबून धरलं होतं, म्हटलं होईल कमी, ताईंच्या मिस्टरांना पण व्हायचं.

मी काय बोलणार. म्हटलं, मी विचारायला हवं होतं नळी कुठे आहे, नाही विचारलं, चुकलं माझं. तो हं म्हणाला, माफ केलं वगैरे काही नाही, नुसतं हं. आणि रडायला लागला, आणि मी फोन कानाला धरून ओट्यावरचा एक पुसलेलाच डाग पुसत बसले.

दीडच्या सुमाराला तो जरा ठिकाणावर आला तेव्हा कामाचं बोललो. म्हटलं आधी कागद मिळव, आईची फाईल, प्रत्येक डायलिसिसचा चार्ट, त्यात दर थोड्या वेळाचं बीपी आणि तक्रार लिहिलेली असते किंवा लिहायला हवी असते, कल्चर पाठवलं का ते. लेखी अर्ज दे, पोच घे, 72 तासांत द्यायला बांधील आहेत ते. चार्टवर थंडी लिहिली असेल तर पुढे काय केलं ते विचारता येतं, लिहिलीच नसेल तर तेही विचारता येतं, मेडिकल कौन्सिलला, ग्राहक आयोगाला. त्या पोराला एकट्याला गाठून काही हाती लागणार नाही. तो म्हणाला, "तो पोरगा पण घाबरलेला होता ताई." हे पोस्टमध्ये नव्हतं.

सकाळी मी कुलूप काढायच्या आधीच कंडक्टरकाकांची फुलं येऊन पडली होती, अ‍ॅडमिन असल्याने त्यांना कुलूप लागत नाही. त्याच्याखाली साडेदहाला मुलाची नवी पोस्ट. फोटो नाही, नाव नाही, नंबर नाही. शिव्या दोन कमी. माझी ओळ तशीच. मी ती पोस्ट वर पिन केली. एकदोघांनी विचारलं, ताई स्वतःवरची पोस्ट कशाला टांगताय, मी उत्तर दिलं नाही. पिन जास्तीत जास्त तीस दिवस टिकते, मग आपोआप निघते, म्हणून मी फोनमध्ये रिमाइंडर लावलाय आणि दर महिन्याला परत टोचते.

कागदांचं काय झालं ते त्याने ग्रुपवर लिहिलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला वाटलं होतं तो ग्रुप सोडेल. आता त्याचं इथे कोणी पेशंट नाही. पण परवा एका नवीन बाईंनी लिहिलं, सासऱ्यांना मशीनवर फार थंडी वाजते, काय करावं. कुणीतरी लगेच शाल लिहिलीच. मी कणकेचे हात धुऊन फोन घेईपर्यंत बार्शीहून मेसेज येऊन पडला होता, "हातातून की मानेतून?"